लघुपटाची निर्मिती-योजना : पटकथेच्या पानापासून पडद्यापर्यंत

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (1913) हा चित्रपट हाती घेण्यापूर्वी एक अगदी छोटा चित्रपट तयार केला होता. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे त्यांनी दररोज थोडे थोडे टिपले आणि महिन्याहून अधिक काळाची ती वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात उलगडून दाखविली. या प्रयोगाकडे पाहून त्यांना भांडवल मिळाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचा दुसरा अर्थ मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. त्या मिनिटभराच्या चित्रपटाला एक वेळापत्रक होते. कुंडीची जागा बदलून चालणार नव्हते, कॅमेरा हलवून चालणार नव्हते, आणि एखादा दिवस चुकला तर तो परत मिळणार नव्हता. पडद्यावरचा काळ आणि तो निर्माण करण्यासाठी लागणारा काळ हे दोन निराळे काळ होत. त्यांच्यातील नाते आधी ठरवून घेणे, यालाच निर्मिती-योजना म्हणावयाचे.

साहित्याच्या अभ्यासकाला ही योजना केवळ व्यवहाराची बाब वाटण्याचा संभव आहे. कथा लिहिणारा लेखक पहाटेच्या नदीवरून एका वाक्यात रात्रीच्या माजघरात येऊ शकतो, आणि त्या प्रवासाचा खर्च शून्य असतो. चित्रपटात हे वाक्य लिहिणाऱ्याला नावाडी शोधावा लागतो, सूर्य केव्हा उगवतो हे पाहावे लागते, आणि ज्या वृद्ध नटाला थंड पाण्यात उतरावयाचे आहे त्याची प्रकृती विचारावी लागते. या सर्व गोष्टी कथेच्या आशयात परत शिरतात. ते कसे घडते, हे एका कल्पित लघुपटाचे उदाहरण घेऊन येथे पाहावयाचे आहे.

1. उदाहरणादाखल घेतलेली कथा

विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी 'पेटी' नावाचा लघुपट करावयाचे ठरविले आहे, असे समजू. कथा काशीतील आहे. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आली. अशाच एका जुन्या घरात एक वृद्ध शास्त्रीबुवा एकटे राहतात. त्यांची नात त्यांना पुण्यास नेण्यासाठी येते. घरात हस्तलिखितांची एक लाकडी पेटी आहे. पेटीचे काय करावयाचे, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच उघडपणे विचारीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघे नावेतून जातात आणि परत येतात. शेवटी पेटी नातीबरोबर पुण्यास जाते, शास्त्रीबुवा काशीतच राहतात. पात्रे चार : शास्त्रीबुवा, नात, शेजारीण आणि नावाडी.

पटकथा दहा पानांची आहे आणि तिच्यात नऊ दृश्ये आहेत. चित्रपटसृष्टीत पटकथेचे पान आठ भागांत विभागून मोजण्याचा प्रघात आहे. दृश्य लहान असले तरी त्याचे मोजमाप निश्चित व्हावे, हा त्यामागील हेतू. या मापाने 'पेटी'ची दृश्ये अशी पडतात :

पहिले, घाट, पहाट, शास्त्रीबुवांचे स्नान : 6 अष्टमांश.
दुसरे, गल्ली, सकाळ, नातीचे आगमन : 4.
तिसरे, घर, दिवस, नातीला पेटी दिसते : 12.
चौथे, घर, दिवस, शेजारीण जेवण घेऊन येते : 10.
पाचवे, गच्ची, संध्याकाळ, आजोबा-नातीचे बोलणे : 12.
सहावे, घर, रात्र, शास्त्रीबुवा पेटी उघडतात : 8.
सातवे, नाव, पहाट : 14.
आठवे, घाट, सकाळ, दोघे उतरतात : 6.
नववे, गल्ली, सकाळ, निरोप : 8.

एकूण 80 अष्टमांश, म्हणजे दहा पाने. एक पान म्हणजे पडद्यावरील एक मिनिट, असा एक ढोबळ आडाखा आहे. तो संवादप्रधान दृश्यांना बराचसा लागू पडतो. निःशब्द दृश्यांना मुळीच नाही. सत्यजित राय यांचा 'टू' (1964) हा संपूर्ण लघुपट संवादाविना आहे, आणि असा चित्रपट कागदावरील ओळी मोजून कधीच मापता येणार नाही. म्हणून प्रत्येक दृश्य घड्याळ लावून, हालचालींना आणि विरामांना वेळ देत, मोठ्याने वाचून पाहावे. 'पेटी'तील नावेचे दृश्य पावणेदोन पानांचे आहे, पण असे वाचले की ते तीन मिनिटांचे भरते. सगळी बेरीज दहाऐवजी बारा मिनिटांवर जाते, आणि हे दोन मिनिटांचे अंतर चित्रीकरणाच्या आधी कळले तरच उपयोगाचे असते.

2. पूर्वतयारी : पटकथेची फोड

पूर्वतयारीचे पहिले काम म्हणजे पटकथेची फोड. प्रत्येक दृश्यासाठी एक स्वतंत्र कागद करावयाचा आणि त्यावर त्या दृश्याला लागणारे सारे लिहावयाचे : स्थळ, प्रकाशाची वेळ, पात्रे, वेशभूषा, वस्तू, ध्वनी आणि विशेष अडचणी. हा कागद करणारा दिग्दर्शक नसावा, साहाय्यक दिग्दर्शक असावा, हे श्रेयस्कर. कारण दिग्दर्शकाला दृश्य आधीच दिसत असते आणि त्यामुळे त्यातील उणीव दिसत नाही.

पहिल्या दृश्याच्या कागदावर 'धोतर, उपरणे' असे लिहिलेले असते. फोड करणारा तेथे थांबतो. शास्त्रीबुवा पाण्यात उतरतात, म्हणजे धोतर भिजणार. स्नानाचा टेक पुन्हा घ्यावयाचा झाल्यास कोरडे धोतर हवे. आठव्या दृश्यात ते कोरड्या वस्त्रांत नावेतून उतरतात आणि ते दृश्यही त्याच सकाळी टिपावयाचे आहे. म्हणून एकाच विणीची व एकाच रंगछटेची तीन धोतरे आणि तीन उपरणी लागतील. नवी वस्त्रे पडद्यावर नवी दिसतात, तेव्हा ती आठवडाभर आधी आणून चार-पाच वेळा धुवावी लागतील. एका शब्दातून असा अर्ध्या पानाचा मजकूर निघतो.

त्याच कागदावर आणखी एक नोंद होते, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. नट सत्तरीच्या आसपासचे आहेत, आणि गंगेचे पाणी त्या ऋतूत थंड असते. दिग्दर्शकाला ही बुडी पाच-सहा वेळा हवीशी वाटेल. योजनेत मात्र 'बुडी एकदाच, अगदी आवश्यक झाल्यास दुसऱ्यांदा, त्यापुढे नाही' असे लेखी नमूद करावे लागते. पायरीवर घोंगडी, टॉवेल, गरम चहा आणि पाण्यात नटाच्या हाताशी, पण चौकटीबाहेर, एक पोहता येणारा माणूस, हेही त्याच कागदावर येते. पहाटेच्या घाईत, उत्तम प्रकाश डोळ्यांसमोर सरत असताना, असा निर्णय कोणाकडूनही नीट घेतला जात नाही. तो महिनाभर आधी, खोलीत बसून घेतलेला असावा लागतो. मर्यादा एकदा ठरली की तिचा परिणाम चित्रावरही होतो. बुडी दुरून एकाच टेकमध्ये घ्यावयाची, आणि जवळून केवळ भिजलेला चेहरा व हात टिपावयाचे. त्यासाठी पाण्यात उभे राहण्याची गरज नाही, तांब्याभर कोमट पाणी पुरते.

स्थळांची पाहणी हे दुसरे काम. ती चित्रीकरणाच्याच वेळी करावी लागते. दुपारी पाहिलेला घाट पहाटेच्या घाटाविषयी काहीच सांगत नाही. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर आहेत आणि त्यांचे तोंड पूर्वेस आहे. समोरचा तीर वाळूचा आणि मोकळा, त्यामुळे उगवत्या सूर्याचा प्रकाश कोणत्याही अडथळ्यावाचून पायऱ्यांवर येतो. दुपारनंतर सूर्य उंच इमारतींच्या मागे जातो आणि पायऱ्या सावलीत बुडतात. गल्ल्यांची गोष्ट याच्या अगदी उलट : त्या इतक्या अरुंद आहेत की मध्यान्हीच्या आसपासच तेथे पुरेसा उजेड उतरतो. म्हणजे घाट सकाळी आणि गल्ली अकरानंतर, हे वेळापत्रक कोणी माणसाने ठरविलेले नसून त्या नगराच्या रचनेने ठरविलेले आहे.

ऋतूचाही असाच विचार करावा लागतो. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरल्यावर त्यांच्यावर गाळाचा थर राहतो. कार्तिकी पौर्णिमेस देवदीपावलीची प्रचंड गर्दी असते. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून दाट धुक्याची शक्यता वाढते. या तिन्हींच्या मधला, डिसेंबरच्या आरंभीचा काळ उरतो. त्या दिवसांत तेथे सूर्योदय सुमारे साडेसहाला आणि सूर्यास्त पाचनंतर थोड्याच मिनिटांत होतो. ही दोन टोके आणि त्यांच्यामधील साडेदहा तास, एवढीच दिवसाची पुंजी आहे.

तिसरे काम परवानगीचे. घाटावरील आणि गल्लीतील चित्रीकरणासाठी स्थानिक प्रशासनाची व पोलिसांची लेखी अनुमती, घरमालकाचे संमतीपत्र, नटांचे व संगीतकाराचे करार, हे सारे आधी हातात असावे. मूळ पटकथेत नववे दृश्य रेल्वे स्थानकावर होते. स्थानकावरील चित्रीकरणाची अनुमती, शुल्क आणि गर्दी यांचा हिशेब मांडला तेव्हा एका पानासाठी एक संपूर्ण दिवस आणि खर्चाचा मोठा वाटा जाणार, असे दिसून आले. दृश्य गल्लीच्या तोंडाशी आले. नात सायकलरिक्षात बसते, पेटी पायाशी ठेवते, आणि शास्त्रीबुवा गल्लीत पाठमोरे वळतात. येथे काही गमावले असे वाटत नाही. स्थानकावर निरोप देणारा माणूस प्रवाशाचा असतो. गल्लीच्या तोंडाशी निरोप देणारा माणूस त्या गल्लीचा असतो. व्यवहाराने सुचविलेला बदल आशयाला उपकारक ठरला. प्रत्येक वेळी असे होईलच असे नाही, म्हणून हा विचार लेखनाच्या पातळीवर, बदलास अवकाश असतानाच व्हावयास हवा.

3. चित्रीकरणाचा क्रम

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. ते कोणत्या क्रमाने होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. व्यवहारात चार निकष लावले जातात : स्थळ एक असलेली दृश्ये एकत्र, प्रकाशाची वेळ न बदलता येण्याजोगी असेल तर तिला अग्रक्रम, नटांच्या उपलब्धतेची सोय, आणि सर्वांत धोक्याचे दृश्य असे ठेवणे की ते बिघडल्यास पुढे एखादी तरी सकाळ शिल्लक राहील. प्रत्येक दृश्याची एक कागदी पट्टी करून त्या पट्ट्या टेबलावर मागेपुढे सरकविल्या की हे निकष एकमेकांशी कसे झगडतात ते डोळ्यांना दिसते. संगणकावर हेच करण्याची साधने आज उपलब्ध आहेत, तत्त्व तेच.

'पेटी'साठी चार दिवस आणि एक राखीव सकाळ असा आराखडा निघतो.

पहिला दिवस घराचा. सकाळी साडेनऊपासून तिसरे दृश्य, भोजनोत्तर चौथे, आणि चार वाजता सारे गच्चीवर. संध्याकाळचा मऊ प्रकाश जेमतेम तास-सव्वा तास टिकतो आणि गच्चीचे दृश्य दीड पानाचे आहे. ते एका संध्याकाळी मावत नाही. म्हणून ते दोन संध्याकाळींत वाटले जाते : पहिल्या दिवशी आकाशासह दिसणारे दूरचे शॉट आणि शास्त्रीबुवांच्या बाजूचे संवाद, दुसऱ्या दिवशी नातीच्या बाजूचे. एकूण 28 अष्टमांश.

दुसऱ्या दिवशी काम अकराला सुरू होते. रात्रीचे सहावे दृश्य खिडक्या जाड काळ्या कापडाने बंद करून दिवसाच घेतले जाते, आणि संध्याकाळी गच्चीचा उरलेला भाग. एकूण 14 अष्टमांश. हा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सर्वांना घाटावर हजर राहावयाचे आहे. आदल्या संध्याकाळी साडेपाचला काम थांबले तर मध्ये अकरा तास मिळतात. झोप न झालेल्या माणसांना नावेत बसविणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही.

तिसरा दिवस नावेचा, आणि अकरानंतर गल्लीत नातीचे आगमन : 14 आणि 4, एकूण 18. चौथ्या दिवशी पहाटे स्नान, सूर्योदयानंतर आठवे दृश्य, आणि दुपारी गल्लीतील निरोप : 6, 6 आणि 8, एकूण 20. चारही दिवसांची बेरीज पुन्हा 80 येते. ती येते की नाही हे पाहणे बालिश वाटेल, पण पट्ट्या सरकविताना एखादे दृश्य हरवणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती या बेरजेनेच सापडते.

या क्रमात नटांवर एक विलक्षण ओझे पडते. निरोप आणि आगमन ही कथेची दोन टोके, पण गल्लीतील ही दोन्ही दृश्ये लागोपाठच्या दोन दुपारी घेतली जातात. नातीचे काम करणाऱ्या नटीला आज काशीत प्रथम पाऊल टाकावयाचे आणि उद्या काशी सोडावयाची आहे. त्यासाठी प्रत्येक दृश्याच्या कागदावर 'या क्षणी पात्राला काय ठाऊक आहे' ही एक ओळ असावी. दुसऱ्या दृश्यात नातीला पेटीचे अस्तित्वच ठाऊक नाही. नवव्यात ती तिच्या पायाशी आहे. घर आणि गच्ची आधी ठेवण्यामागेही हाच विचार आहे. नावेतील मौन गच्चीवरील संभाषणावर उभे आहे, आणि जे बोलणे अजून झालेले नाही त्यानंतरचे मौन नटाने कशाच्या आधारे धरावे?

4. नावेचे दृश्य : वेळेचा हिशेब

सबंध योजनेत नावेचे दृश्य सर्वांत अवघड असल्याने त्याचा हिशेब तपशिलाने मांडणे युक्त होईल. दिग्दर्शकाने त्याचे 11 शॉट योजिले होते. उपयोगी प्रकाश सकाळी सुमारे सहा वाजून दहा मिनिटांपासून पावणेआठपर्यंत, म्हणजे जवळजवळ 95 मिनिटे मिळतो. त्यानंतर ऊन कडक होते आणि चेहऱ्यावर धारदार सावल्या पडतात.

आता नदीकडे पाहावे. काशीजवळ गंगा उत्तरवाहिनी आहे. ब्रह्माघाटावरून दक्षिणेस गेले तर मणिकर्णिकेचा स्मशानघाट लागतो, आणि तेथे कॅमेरा नेणे शोकाकुल माणसांच्या दृष्टीने अनुचित होय. म्हणून नाव उत्तरेस, राजघाटाच्या दिशेने, प्रवाहाबरोबर जाते. प्रवाहाबरोबर जाताना ती सहज सरकते. टेक पुन्हा घ्यावयाचा झाला की तिला प्रवाहाविरुद्ध वल्हवीत मूळ जागी आणावे लागते. टेकला दोन मिनिटे, परतीला पाच, आणि नव्या शॉटसाठी कॅमेरा लावावयास पाच मिनिटे धरली तर पहिल्या टेकला 12 मिनिटे आणि दुसऱ्या टेकला 7 मिनिटे लागतात. एका शॉटचे दोन टेक म्हणजे 19 मिनिटे. 95 मिनिटांत असे पाच शॉट बसतात. अकरा कदापि बसत नाहीत.

हे गणित आधी केले नाही तर काय होते, ते ठरलेले आहे. पहिले चार शॉट सावकाश, मनासारखे घेतले जातात. मग ऊन चढते, घाई सुरू होते, आणि दृश्याचा शेवट, ज्याच्यासाठी ते दृश्य लिहिले, तोच कडक उन्हात एका टेकमध्ये उरकला जातो. संकलनाच्या वेळी पूर्वार्ध मऊ आणि उत्तरार्ध कठोर दिसतो, आणि रंगसंस्काराने हा दोष पूर्णपणे जात नाही, कारण रंग बदलता येतो, सावलीची दिशा बदलता येत नाही.

गणित केल्यावर शॉटची यादी पुन्हा लिहिली जाते. ज्यांत तीर सरकताना दिसतो असे शॉट किती? पाच. हातांचे, पेटीच्या कडीचे आणि वल्ह्याच्या टोकाचे चार शॉट असे आहेत की पार्श्वभूमीला केवळ पाणी आहे. ते नाव घाटाला बांधून, एका साहाय्यकाने ती हळूहळू हलवीत, पावणेआठनंतर सावलीसाठी कापड धरून घेता येतात. उरलेले दोन सुंदर होते, पण कथेला नवे काही देत नव्हते, ते गाळले. दृश्याचा अखेरचा शॉट यादीत दुसऱ्या क्रमांकावर येतो, जेणेकरून पहिल्या शॉटमध्ये सर्वांचा हात बसावा आणि महत्त्वाचा शॉट उत्तम प्रकाशात पदरी पडावा.

नावेत दोन नट, नावाडी, छायाचित्रणकार, ध्वनिमुद्रक आणि दिग्दर्शक एवढेच बसतात. बाकीचे दुसऱ्या नावेत. चौकटीत न दिसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असते, आणि दिसणाऱ्यांची जाकिटे हाताशी. ध्वनीची अडचण निराळीच आहे. नदीवर आज यंत्राच्या नावा पुष्कळ, आणि त्यांचा आवाज पाण्यावरून दूरवर येतो. म्हणून दृश्यातील चार वाक्ये चित्रीकरणानंतर लगेच, त्याच नटांकडून, एखाद्या शांत आडोशाला, केवळ ध्वनीसाठी पुन्हा म्हणवून घ्यावयाची. दोन महिन्यांनी बंद खोलीत तीच वाक्ये म्हणवून घेतली तर शब्द तेच येतात, पण पहाटेच्या थंडीने आवाजात आलेला कंप येत नाही. प्रत्येक स्थळी सर्वांनी गप्प राहून मिनिटभर तेथील शांतता मुद्रित करणे हेही याच योजनेत येते. घाटाची शांतता आणि माजघराची शांतता एक नसतात, आणि दोन वाक्यांमधील मोकळी जागा भरण्यास संकलकाला नेमकी तीच लागते.

5. चित्रीकरणोत्तर कार्य

फिल्मच्या काळी 16 मिलिमीटरची 400 फुटांची गुंडाळी सुमारे अकरा मिनिटांत संपे, आणि हा खर्चच दिग्दर्शकाचा हात आवरीत असे. अंकीय चित्रणात ती मर्यादा नाहीशी झाली. तिची जागा योजनेने घ्यावयास हवी. बारा मिनिटांच्या चित्रपटासाठी आठपट, म्हणजे 96 मिनिटांचे चित्रण, ही 'पेटी'ची मर्यादा. मिनिटाला तीन गिगाबाइट धरल्यास तीनशेच्या आत साठा होतो. दररोज संध्याकाळी तो दोन स्वतंत्र डिस्कवर उतरवून, दोन्हींवर उघडून पाहिल्याखेरीज कार्ड पुसावयाचे नाही, आणि या दोन डिस्क एकाच पिशवीत ठेवावयाच्या नाहीत. हे काम एकाच व्यक्तीकडे असावे आणि त्या वेळी तिच्याकडे दुसरे काम नसावे.

पुढील कालक्रम शेवटच्या तारखेपासून मागे मोजीत यावयाचा असतो. विद्यापीठातील प्रदर्शन 15 फेब्रुवारीस आहे, असे धरू. प्रत्यक्ष सभागृहात चाचणी 5 फेब्रुवारीस. त्याआधी 31 जानेवारीपर्यंत ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार व उपशीर्षके पूर्ण. या साऱ्याला तीन आठवडे लागतात, म्हणून 10 जानेवारीस चित्राचे संकलन अंतिम व्हावयास हवे. चित्रीकरण 1 ते 4 डिसेंबर. राखीव सकाळ 5 तारखेची. मध्ये पाच आठवडे मिळतात : ध्वनी व चित्र जुळवून सूची करणे, कच्ची जुळणी, आठवडाभर ते न पाहता बाजूला ठेवणे, दुसरी जुळणी, आणि कथा ठाऊक नसलेल्या तीन-चार जणांना दाखवून त्यांना 'काय घडले' एवढेच विचारणे. 'कसे वाटले' हे विचारू नये. पेटी कोणाची होती हे त्यांना सांगता आले नाही, तर दोष कोठे आहे ते कळते.

10 जानेवारी या तारखेचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. त्यानंतर चित्राला हात लावावयाचा नाही. सेकंदाला 24 चौकटी असतात. ध्वनी, संगीत, उपशीर्षके सारे त्या चौकटींच्या क्रमांकांवर बसविले जाते. नावेच्या दृश्यातून नंतर एक सेकंद काढला तर त्यापुढील प्रत्येक गोष्ट 24 चौकटींनी सरकते, आणि ओठ व शब्द यांची फारकत होते. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : चित्रपटाचा पूर्वार्ध निर्दोष असतो आणि एका ठरावीक जागेनंतर सर्वच संवाद सारख्याच अंतराने चुकतात.

उपशीर्षकांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, आणि तेथेच फसगत होते. 'पेटी'त आजोबा-नात मराठी बोलतात, नावाडी आणि शेजारीण बनारसी बोली. भारतभरातील प्रेक्षकांसमोर जावयाचे तर हिंदी व इंग्रजी उपशीर्षके लागतील. दोन ओळींहून अधिक मजकूर एका वेळी वाचता येत नाही, म्हणून हे भाषांतर अनिवार्यपणे संक्षेप असते. शास्त्रीबुवा नातीला 'तू' म्हणतात, नात त्यांना 'तुम्ही' म्हणते, हा भेद इंग्रजीत उतरणार नाही, हिंदीत उतरेल. तो भेद अभिनयात दिसला पाहिजे, हे भाषांतरकाराला जानेवारीत नव्हे, दिग्दर्शकाला नोव्हेंबरात कळावयास हवे. चौकटीच्या तळाशी अक्षरांसाठी जागा ठेवावयाची, पेटीची कडी तेथे आणावयाची नाही, ही सूचना छायाचित्रणकाराच्या कागदावर त्याच वेळी जाते. तिकीट लावून चित्रगृहात दाखवावयाचा झाल्यास केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्यासाठीचा अवधी वरील कालक्रमात निराळा धरावा लागतो.

6. योजना आणि अनपेक्षित

एवढे करूनही तिसऱ्या दिवशी धुके पडू शकते. योजनेची कसोटी तेव्हाच लागते. धुके विरळ असेल तर नाव निघते, पण मग नववे दृश्य वगळता सर्व बाह्य चित्रणाशी त्याचा मेळ बसतो का, हे पाहावे लागते. आठवे दृश्य त्याच सकाळचे असल्याने तेही धुक्यातच हवे, आणि ते लगोलग घेतले जाते. धुके दाट असेल तर नावाड्याचा शब्द अखेरचा. तो नाही म्हणाला, तर नाव निघत नाही. त्याच्यावर आग्रह धरावयाचा नाही, हेही लिहून ठेवलेले असते. त्या दिवशी अकरानंतर गल्लीतील दोन्ही दृश्ये, आगमन व निरोप, एकत्र घेतली जातात. चौथ्या सकाळी नाव, राखीव सकाळी स्नान आणि आठवे दृश्य. चित्रपट तरीही पुरा होतो, आणि कोणीही रात्रभर जागत नाही.

राखीव सकाळही धुक्यात गेली, तर काय गाळावयाचे याचा क्रमही ठरलेला असावा. 'पेटी'त तो असा : प्रथम पहिले दृश्य, म्हणजे स्नान. ते देखणे आहे. पण शास्त्रीबुवांचे गंगेशी असलेले नाते नावेतही कळते. म्हणजे ज्या बुडीसाठी तीन धोतरे आणली, घोंगडी आणि चहा यांची व्यवस्था केली, तीच सर्वप्रथम सोडावयाची आहे. हा निर्णय नटाला चित्रीकरणापूर्वीच सांगितलेला असतो. त्यामुळे थंड पाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या त्या वृद्ध माणसाला ठाऊक असते की आपण 'आज नको' असे म्हटले, तरी चित्रपट आपल्यावाचून अडणार नाही, आणि उद्या नावेत आपली जागा तशीच राहणार आहे.